'दुखता क्या?' हा प्रश्नच चुकीचा आहे

आमच्या घरात कुणाला काहीही उठलं, सुजलं, लागलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दुखता क्या?" उत्तर "नै" आलं की विषय संपतो. अर्धापुरातल्या बहुतेक घरांत हेच चालतं. मराठी बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडेही तेच, फक्त शब्द वेगळे. दुखत नाही म्हणजे काळजी नाही, असा आपला सगळ्यांचा हिशेब आहे. या हिशेबाने माझ्या मामूंच्या गालावरचा एक दाणा सव्वा वर्ष तसाच राहू दिला. तो मुरूम नव्हता, त्वचेचा कर्करोग होता. त्याचं नाव बेसल सेल कार्सिनोमा. आज मामू ठणठणीत आहेत आणि त्यांच्याच परवानगीने हे लिहितो आहे. लिहिण्याचं कारण एवढंच, की त्या सव्वा वर्षात मामूंना पाहणारे आम्ही पंधरा-वीस जण होतो. त्यात मी शिकलेला, बीएड झालेला मास्तर. आणि योग्य प्रश्न आमच्यापैकी कुणीच विचारला नाही.

मामू गवंडी. पस्तीसेक वर्षं परांचीवर उभं राहून काम केलेलं. मराठवाड्यातलं एप्रिल-मेचं ऊन काय असतं ते वेगळं सांगायला नको. डोक्यावर कधी टोपी, कधी रुमाल. पण आपल्या नमाजच्या टोपीला कड नसते. ती डोकं झाकते, तोंडावर सावली पाडत नाही. गाल, नाक, कपाळ, कान हे सगळं उन्हातच.

2022 च्या रमजानमध्ये मामूंच्या उजव्या गालावर, डोळ्याच्या बरंच खाली आणि दाढीच्या रेषेच्या वर, ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी उठलं. मुमानी म्हणाल्या, उन्हाने पुळी आली असेल. रोज्यात पाणी कमी पडतं, अंगात गर्मी होते, ईद झाली की जाईल. ईद झाली, पुळी गेली नाही. दुखत नव्हती, खाजत नव्हती, पू नव्हता. मग ती मामूंच्या चेहऱ्याचाच एक भाग होऊन गेली. रोज दिसणारी गोष्ट डोळ्याला दिसेनाशी होते, तसं आमचं झालं.

आधी मुरूम म्हणजे काय ते पाहू, म्हणजे फरक कळेल. आपल्या कातडीत केसांच्या मुळाशी तेल तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. त्या तेलाची बाहेर यायची वाट मृत पेशींनी बुजली की तेल आत साचतं, तिथे जंतू वाढतात आणि शरीर त्यांच्याशी लढायला लागतं. म्हणून मुरूम लाल होतो, सुजतो, हात लावला की दुखतो आणि बऱ्याचदा त्याला पिवळं तोंड येतं. ही लढाई आहे आणि लढाईला शेवट असतो. साधा मुरूम काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत बसतो. मागे डाग किंवा खड्डा राहील, पण गाठ राहत नाही. नवा मुरूम येतो तो बहुधा दुसऱ्या जागी. थोडक्यात, मुरुमाला सुरुवात, मधला भाग आणि शेवट असतो.

बेसल सेल कार्सिनोमात अशी लढाईच नसते. कातडीच्या वरच्या थराच्या अगदी तळाशी ज्या पेशी असतात, त्यांना बेसल पेशी म्हणतात. नव्या पेशी तिथे तयार होतात आणि हळूहळू वर सरकतात. वर्षानुवर्षांच्या उन्हातले अतिनील किरण या पेशींच्या आतल्या सूचना बिघडवतात. मग एखादी पेशी थांबायचं विसरते आणि वाढत राहते. ही वाढ फार सावकाश होते. शरीराला ती शत्रू वाटत नाही, म्हणून सूज येत नाही, ताप येत नाही, दुखत नाही. आपण ज्याला चांगलं लक्षण समजतो, ते न दुखणंच इथे फसवतं.

हे आजचं ज्ञान नाही. डब्लिन शहरातले डोळ्यांचे डॉक्टर आर्थर जेकब यांनी 1827 साली पापण्यांवर आणि चेहऱ्यावर येणाऱ्या एका विचित्र व्रणाचं वर्णन लिहून ठेवलं. त्यांनी नोंदवलेल्या खुणा अशा: वाढ विलक्षण मंद, कडा वेगळ्याच धाटणीच्या, दुखणं अगदी थोडं, शेजारच्या गाठी सुजत नाहीत, आणि कापून काढल्याशिवाय बरा होत नाही. पुढे या आजाराला इंग्रजीत उंदराशी जोडलेलं नाव पडलं, कारण तो उंदरासारखा कुरतडत जातो. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी एका डॉक्टरने "फारसं दुखत नाही" ही आजाराची खूण म्हणून लिहिली. आम्ही मात्र तीच गोष्ट आजार नसल्याची खूण म्हणून धरून बसलो होतो.

मामूंच्या दाण्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं ते डॉक्टरने नाही, मास्तरनेही नाही. ते पाहिलं न्हाव्याने. मामू दर पंधरा दिवसांनी दाढीचं खत बनवायला जातात. गालावरचे केस काढताना वस्तरा त्या जागेवरून जायचा आणि रक्त यायचं. चार-पाच वेळा असं झाल्यावर तो म्हणाला, "चाचा, ये हर बार कटता. मैं बचा के चलाता, फिर बी खून आता." वस्तरा नुसता घासला तरी रक्त. मग खपली धरायची. आठ-दहा दिवसांनी खपली पडायची, आणि घरचे म्हणायचे, भरत आलं बघा. पुढच्या खताला पुन्हा रक्त.

या आजाराची दुसरी फसवणूक हीच. तो बरा होत असल्याचं नाटक करतो. त्या गाठीवरची कातडी अतिशय पातळ असते आणि खाली बारीक, नाजूक रक्तवाहिन्या असतात. टॉवेल घासला, नख लागलं, तरी फुटतात. खपली धरते, आपल्याला वाटतं जखम भरली. पण भरते ती फक्त वरची साल, खालची गाठ तशीच असते. रक्त, खपली, भरल्यासारखं, पुन्हा रक्त, हे चक्र त्याच जागी फिरत राहतं. जागा तीच असणं महत्त्वाचं आहे.

त्यानंतर मामूंना एक वेगळीच चिंता लागली. वुजू करून तोंड पुसलं की टॉवेलवर लाल ठिपका दिसायचा. रक्त वाहिलं की वुजू राहत नाही, हे आपल्याकडे लहान पोरांनाही माहीत असतं. मामू डॉक्टरकडे गेले नाहीत, मशिदीत मौलानांकडे गेले. विचारलं, नमाज होते की नाही? मौलानांनी मसला सांगितला, आणि मग विचारलं, "ये कब से है?" मामू म्हणाले, पिछले रमजान से. मौलाना म्हणाले, मग माझ्याकडे काय आलात, डॉक्टरला दाखवा.

योग्य प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदा विचारला गेला. दुखतं का, हा प्रश्न नव्हे. कधीपासून आहे, हा प्रश्न.

पण लगेच नांदेडला कोण जातो? मामू आधी औषधाच्या दुकानात गेले. तिथून एक मलम मिळालं. कुठल्या दुकानातून ते सांगण्यात अर्थ नाही, कारण अशी मलमं गावोगावी मिळतात. त्यांत स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही एकत्र असतं. स्टेरॉइडमुळे आजूबाजूची लाली उतरते आणि माणसाला आठ दिवस बरं वाटतं. गाठीवर त्याचा काही इलाज होत नाही. पुढे एका ओळखीच्याने सांगितलं, ही चामखीळ आहे, बाजारात एक जण तेजाब लावून जाळून देतो. सुदैवाने मामू तिथे गेले नाहीत. असं जाळल्यावर वर खपली धरून साफ कातडी येते, आणि खाली राहिलेला भाग त्या व्रणाखाली दिसेनासा होऊन वाढत राहतो. पुन्हा वर येईपर्यंत तो किती पसरलाय हे कुणाला कळत नाही. आणि जे जळून गेलं ते तपासायला उरतच नाही.

2023 ची ईद झाल्यावर मी मोबाइलमधले जुने फोटो काढून बसलो. दर ईदला आमच्याकडे सगळ्यांचा एक फोटो असतो. 2021 च्या ईदला मामूंचा गाल साफ. 2022 च्या ईदला ज्वारीचा दाणा. त्याच वर्षीच्या बकरी ईदला दाणा तेवढाच, पण त्याच्यावर खपली. 2023 च्या ईदला हरभऱ्याच्या डाळीएवढा, मध्ये खड्डा. चार ईदांचे फोटो शेजारी ठेवले आणि माझ्या पोटात गोळा आला. ही माहिती सव्वा वर्षापासून माझ्याच खिशात होती.

पुढच्या आठवड्यात आम्ही नांदेडला त्वचारोग विभागात गेलो. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण त्यांनी जे केलं ते मी नीट पाहिलं. त्यातला थोडा भाग कुणालाही घरी करता येतो, म्हणून सांगतो.

त्यांनी पहिल्यांदा मामूंना खिडकीकडे तोंड करून बसवलं आणि विचारलं, "कधीपासून आहे?" मग दोन बोटांनी गालाची कातडी दोन्ही बाजूंना हलकेच ताणली. ताणल्यावर दाण्याची कड उठून दिसली. कड चपटी नव्हती, आत वळलेली, गुळगुळीत, जणू बारीक मण्यांची माळ गोल ठेवलीय. मग बाजूने टॉर्च धरला. त्या कडेवर मोत्यासारखी झाक दिसली, दुधी आणि थोडी पारदर्शक. मुरुमावर अशी झाक कधी नसते. कडेवरून झाडाच्या बारीक फांद्यांसारख्या लाल रेषा गेलेल्या होत्या. मध्ये खड्डा आणि त्यात खपली. शेवटी त्यांनी उजेडाचं एक लहान भिंग त्यावर टेकवून पाहिलं. त्याला डर्मोस्कोप म्हणतात.

मग त्यांनी कडेवरचे काळे-निळे ठिपके दाखवले. म्हणाल्या, आपल्या लोकांत हे जास्त दिसतं. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हा आजार गोऱ्या लोकांत फार मोठ्या प्रमाणात होतो. अभिनेता ह्यू जॅकमन याने 2013 मध्ये नाकावर पट्टी लावलेला फोटो टाकून सांगितलं होतं की बायकोच्या सांगण्यावरून नाकावरचा डाग दाखवला आणि तो बेसल सेल कार्सिनोमा निघाला. अमेरिकेचे अध्यक्ष असताना 2023 मध्ये जो बायडन यांच्या छातीवरूनही असाच एक काढला गेला. त्यामुळे पुस्तकांत आणि इंटरनेटवर फोटो असतात ते गोऱ्या कातडीचे, गुलाबी, चकचकीत दाण्याचे. आपल्या सावळ्या कातडीतलं रंगद्रव्य ऊन बरंच अडवतं, म्हणून आपल्याकडे हा आजार कमी होतो. कमी होतो, होत नाही असं नाही. आणि झाला की त्या गाठीतही बऱ्याचदा रंगद्रव्य असतं. त्यामुळे दाणा गुलाबी न दिसता काळपट, निळसर किंवा राखी दिसतो. आपण त्याला तीळ म्हणतो, मस म्हणतो आणि सोडून देतो. फोटोशी ताडून पाहणाऱ्यालाही तो जुळत नाही. म्हणून आपल्यासाठी रंगापेक्षा झाक, कड आणि तेच-तेच रक्त येणं ही खरी ओळख आहे.

जन्मापासूनचा किंवा तरुणपणापासूनचा तीळ वर्षानुवर्षं तसाच राहतो, त्यातून आपोआप रक्त येत नाही. उतारवयात चेहऱ्यावर काळे, खरखरीत, वरून चिकटवल्यासारखे डाग येतात, तेही निरुपद्रवी असतात. नमाजी माणसाच्या कपाळावर जो गट्टा पडतो, ती घर्षणाने जाड झालेली कातडी असते. तिला मोत्याची झाक नसते. साठीच्या माणसाला गुडघ्याएवढ्या वर्षांनंतर, म्हणजे तरुणपण कधीच मागे पडल्यावर, एकच एक "मुरूम" येतो आणि जागा सोडत नाही, तेव्हा मात्र त्याला मुरूम म्हणू नये.

डोळ्यांनी पाहून शंका येते, खात्री होत नाही. आपल्याकडे कातडीचा क्षयरोगही असतो, त्याचेही चट्टे महिनोन्‌महिने भरत नाहीत, आणि त्याचा इलाज पूर्ण वेगळा आहे. म्हणून तुकडा काढून तपासावाच लागतो. त्याला बायोप्सी म्हणतात. हे नाव ऐकताच आमच्या घरात गोंधळ उडाला. कुणी म्हणालं, चाकू लागला की कॅन्सर अंगभर पसरतो. हा समज आपल्या सगळ्या समाजांत घट्ट बसलेला आहे. त्याची मुळं समजायला सोपी आहेत. लोक फार उशिरा दवाखान्यात जातात, चाकू लागतो, आणि आधीच पसरलेल्या आजाराने माणूस जातो. दोष चाकूच्या माथी येतो. बेसल सेल कार्सिनोमा तर शरीरात दुसरीकडे अगदी क्वचित पसरतो. बायोप्सीने तो पसरत नाही.

प्रत्यक्षात झालं ते एवढं. गालात भुलीचं बारीक इंजेक्शन दिलं, तेच थोडं झोंबलं. मग पेन्सिलीसारख्या एका हत्याराने, ज्याचं टोक गोल आणि धारदार असतं, तीन मिलिमीटरचा तुकडा काढला. एक टाका घातला. तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीत टाकून त्यावर नाव लिहिलं. दहा मिनिटांत मामू बाहेर येऊन चहा मागत होते. वुजूचं काय, हा प्रश्न पुन्हा आला. मौलानांनी सांगितलं, पट्टी भिजवायची नाही, पट्टीवरून ओला हात फिरवला की पुरे. शरियतने आजाऱ्याला आधीच सवलत दिलेली आहे, अडवतो ते आपणच.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. बेसल सेल कार्सिनोमा, गाठीचा प्रकार. मुमानी रडायला लागल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोर बसवून सांगितलं, या आजाराने माणूस सहसा जात नाही. पण सोडून दिला तर थांबतही नाही. कातडी, मग खालची चरबी, मग नाकाची कूर्चा, पापणी, हाड, असं खात जातो. त्यात वर्षं जातात, पण जातं ते चेहऱ्यातूनच.

आता हिशेबाची गोष्ट. मी शाळेत भाषा शिकवतो, पण हे गणित मला फळ्यावर मांडावंसं वाटतं. गाठ काढताना फक्त गाठ काढत नाहीत. तिची मुळं डोळ्याला दिसतात त्यापेक्षा थोडी पुढे गेलेली असू शकतात. म्हणून लहान, स्पष्ट कडेच्या गाठीभोवती चारही बाजूंनी साधारण 4 मिलिमीटर चांगली कातडीही काढतात. मामूंची गाठ 8 मिलिमीटर होती. म्हणजे 4 अधिक 8 अधिक 4, एकूण 16 मिलिमीटर रुंद जागा. आणि गोल भोक सरळ शिवता येत नाही, टोकांना कातडीचे उंचवटे येतात. म्हणून जखम होडीच्या आकाराची करतात आणि तिची लांबी रुंदीच्या सुमारे तिप्पट ठेवतात. 16 ची तिप्पट 48. मामूंच्या गालावर जवळपास पाच सेंटिमीटरची रेघ आहे.

पहिल्या ईदला ती गाठ ज्वारीच्या दाण्याएवढी, समजा 4 मिलिमीटर होती. तेव्हा दाखवली असती तर 4 अधिक 4 अधिक 4, म्हणजे 12, आणि रेघ साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास. सव्वा वर्षाची किंमत मामूंच्या गालावर सुमारे सव्वा सेंटिमीटर आहे. गालावर कातडी सैल असते म्हणून एवढ्यावर निभावलं. हाच दाणा नाकाच्या शेंड्यावर किंवा पापणीच्या कडेला असता तर? तिथे ओढून शिवायला जादा कातडी नसते. मग दुसरीकडून कातडी आणून बसवावी लागते. अशा अवघड जागी थर-थर काढून प्रत्येक थर तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची मोह्‌स नावाची पद्धत उत्तम मानली जाते, पण ती सोय मोजक्या शहरांत आहे. ज्यांना ऑपरेशन झेपत नाही त्यांच्यासाठी रेडिएशनचाही मार्ग असतो. प्रत्येकाच्या गाठीचा निर्णय डॉक्टर तिच्या जागेवरून आणि प्रकारावरून घेतात. माझं गणित फक्त उशिराचा अर्थ समजण्यासाठी.

मामूंचं ऑपरेशन पावसाळ्यात झालं, तेही जागेवरच भूल देऊन. काढलेला तुकडा पुन्हा तपासायला गेला. हा दुसरा रिपोर्ट पहिल्याइतकाच महत्त्वाचा असतो, आणि बरेच लोक तो घ्यायलाच जात नाहीत. त्यात एकच गोष्ट पाहायची. कापलेल्या कडांपर्यंत गाठ पोहोचलेली आहे का? कडा मोकळ्या असतील तर काम झालं. कडेला गाठ असेल तर काहीतरी आत राहिलंय, पुन्हा काढावं लागू शकतं. मामूंच्या कडा मोकळ्या निघाल्या. तो कागद मुमानींनी रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवला आहे. ज्याला एकदा हा आजार झाला, त्याला दुसऱ्या जागी नवा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, कारण ऊन फक्त एका गालावर पडलेलं नसतं. म्हणून तपासणीला जात राहावं लागतं.

खर्चाच्या भीतीनेही लोक थांबतात. आपल्या भागात विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुखांच्या नावाचं शासकीय महाविद्यालय आहे. केस गुंतागुंतीची असेल तर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते विचारावं. पहिली पायरी, म्हणजे दाखवणं आणि तुकडा तपासणं, ही मोठ्या खर्चाची गोष्ट नाही.

आता माझं म्हणणं. आपल्याकडे सबर हा मोठा गुण मानला जातो, आणि तो आहेच. पण सबर दुखण्यावर करायचा असतो. जे दुखतच नाही त्यावर सबर कसला? ते दुर्लक्ष असतं, आपण त्याला चांगलं नाव देतो. म्हणून मी घरात एक नियम केला आहे. चेहऱ्यावर, कानावर, मानेवर काही नवीन उठलं की त्या दिवसाची तारीख कॅलेंडरवर लिहायची. शेजारी शाळेची पट्टी धरून मोबाइलवर एक फोटो काढायचा. फोडायचं नाही, चुना लावायचा नाही, दुकानातलं मलम नाही. चार आठवडे झाले आणि ते पूर्ण गेलं नाही, किंवा भरून त्याच जागी पुन्हा रक्त आलं, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवायचं. चार आठवड्यांत साध्या मुरुमाला जायला भरपूर वेळ मिळतो. आणि इतक्या सावकाश वाढणाऱ्या गाठीचं चार आठवड्यांत फार बिघडत नाही. बिघडतं ते चार आठवड्यांचं सव्वा वर्ष झालं की.

मामू आता कामावर जाताना टोपीवर रुंद कडेची गवती हॅट चढवतात. पोरं हसतात, त्यांना फिकीर नाही. मागच्या महिन्यात त्यांच्या कपाळावर एक पुळी आली. मुमानींनी सवयीने विचारलं, "दुखता क्या?" मामू म्हणाले, "दुखता है, मगर वो मत पूछ. तारीख लिख." मुमानींनी कॅलेंडरवर लिहिलं. पुळी लाल झाली, पिकली, फुटली आणि नवव्या दिवशी बसली. तो मुरूम होता.